बॉयलर वेळेत पेटला, तो या माणसांमुळे

दसऱ्याला आमच्या साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन झालं. फोटोत हार घातलेले आम्ही सगळे दिसतो, पण ज्यांच्या हातांनी तो बॉयलर पेटण्याजोगा झाला, त्यातले बरेच जण फोटोत नाहीत. इंजिनिअरिंग विभाग सांभाळणारा म्हणून त्यांच्याबद्दल लिहिणं माझं काम आहे.

ऑफ सीझनला जाडी मोजली, तेव्हा बँक ट्यूबांच्या, म्हणजे बॉयलरच्या दोन ड्रमांना जोडणाऱ्या पाण्याच्या नळ्यांच्या, एका भागात चार मिलिमीटरची जाडी दोनच्या आसपास आली होती. बगॅसच्या राखेबरोबर ऊस-मातीची वाळू उडते आणि धुराची वाट जिथे वळते तिथे ट्यूब घासत राहते. अशा ट्यूबा हंगामात फुटल्या की गाळप बंद पडतं, आणि वाळवा तालुक्यात फडात तुटलेला ऊस वाळत पडतो. त्यामुळे तो सगळा भाग बदलायचं ठरलं. पण नळ्या हातात यायलाच ऑगस्ट उजाडला.

त्यातही स्टोअरच्या अण्णांनी एक गठ्ठा उतरवून घ्यायलाच नकार दिला. नळीवर ठोकलेला हीट नंबर, म्हणजे पोलाद कोणत्या खेपेचं ते सांगणारा आकडा, आणि सर्टिफिकेटवरचा नंबर जुळत नव्हता. पुरवठादार म्हणत होता, माल तोच आहे. अण्णा एवढंच म्हणाले, "साहेब, इन्स्पेक्टर कागद बघणार, मग काय दाखवायचं?" बॉयलरची दुरुस्ती इन्स्पेक्टरच्या संमतीशिवाय चालत नाही. ती नळी बसली असती, तर पुढे काढून टाकावी लागली असती. गठ्ठा बदलून आला आणि काम पुढे सरकलं.

खरं काम नळ्या बसवणाऱ्या तात्यांचं. नळी वरच्या स्टीम ड्रममध्ये आणि खालच्या मड ड्रममध्ये वेल्ड करत नाहीत. एक्सपांडर फिरवून आतून फुगवतात आणि भोकाच्या भिंतीवर घट्ट बसवतात. कमी फुगवली तर गळते. जास्त फुगवली तर भिंत पातळ होते, भोक ताणलं जातं आणि शेजारची नळी सैल होते. तात्या प्रत्येक भोक आधी मोजायचे. उदाहरणच सांगतो: भोक 51.6, नळी बाहेरून 51 आणि आतून 43 मिलिमीटर. म्हणजे मधली फट 0.6. फट भरली की आतला व्यास 43.6 होतो, तिथे नळी नुसती टेकते. पुढे भिंत थोडी दबायला आणखी 0.6 दिले की 44.2. तात्यांचा हात त्या आकड्याजवळ थांबायचा, मग मायक्रोमीटर लावून बघायचे. प्रत्येक नळीचा आकडा खडूने ड्रमवर लिहिलेला असायचा. एवढं शिस्तीचं काम मी क्वचित पाहिलंय.

ड्रमच्या तोंडाशी बसणारा आमचा कंत्राटी कामगार आबा. आत किती जण गेले, कोण बाहेर आला, याची पाटी त्याच्याकडे. आतला दिवा 24 व्होल्टचाच हवा, पंखा बंद झाला की सगळ्यांनी बाहेर यायचं, हे त्याने एकदाही सोडलं नाही. कामाची घाई असताना "जरा थांबा" म्हणायला धीर लागतो.

नळ्या बसल्यावर प्रत्येक नळीतून वरून लोखंडी गोळी सोडायची आणि खाली मोजून घ्यायची. खाली आमची ट्रेनी मुलगी बसली होती, वहीत नंबर मांडून. वरून सोडलेल्या आणि खाली मिळालेल्या गोळ्यांत एकीचा फरक आला. आधी सगळ्यांना वाटलं गोळी कुठेतरी घरंगळली असेल. ती मात्र वही बंद करायला तयार नव्हती. शोधलं तेव्हा एका वाकाशी चिंधी अडकली होती, साफसफाईतली. तशीच राहिली असती तर त्या नळीतलं पाणी अडून ती तापली असती आणि फुटली असती.

पाणी भरून दाब देऊन बघायच्या हायड्रोलिक टेस्टच्या सकाळी पाऊस लागलेला. पाणी थंड, हवा ओली, ड्रमभर थेंब. गळती की घाम, ते कळेना. वेल्डरभाऊंनी चिंध्या आणल्या आणि एक-एक जोड कोरडा करून वाट बघत बसले. घाम सगळीकडे सारखा परत येतो. गळतीचा थेंब एकाच रेषेवर, जोडाच्या कडेला, पुन्हा पुन्हा भरतो. असे दोन जोड सापडले. दाब उतरवून तात्यांनी ते थोडे आवळले, पुन्हा दाब चढवला आणि काटा जागचा हलला नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी स्वतः हात फिरवून बघितलं आणि सही केली.

तात्या येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. त्याआधी आमच्या तीन पोरांनी त्यांच्याकडून एक्सपांडर धरायला शिकावं, असं ठरलंय. त्यात ती ट्रेनी पहिली आहे, आणि तिच्या वहीची झेरॉक्स बॉयलर हाऊसच्या फाइलला लावली आहे.