बाईंच्या निरोपाचं एक मिनिट

"एवढं एकच मिनिट कशाला? सगळ्या मुलांना दोन-दोन शब्द बोलू दिले असते, तर काय बिघडलं असतं?"

बाईंच्या निरोपासाठी मी मुलांचा जो व्हिडिओ करते, त्याबद्दल तुम्ही हे विचारलंत म्हणून सांगते. दर निरोपसमारंभाला मी एवढंच म्हणते की "वेळ नसतो", आणि ते उत्तर अपुरं आहे.

सगळ्यांना घेऊन मी एकदा केलंय. चाळीस मुलं, प्रत्येकाला चार सेकंद, म्हणजे १६० सेकंद. चार सेकंदांत मूल एकच वाक्य बोलू शकतं: "बाई, तुमची खूप आठवण येईल." दहाव्या मुलापर्यंत ऐकणारे हलतात, विसाव्यापर्यंत बाईसुद्धा नुसतं हसू धरून बसतात. चाळीस मुलं बोलली, आणि बाईंबद्दल एकही गोष्ट कळली नाही.

म्हणून मी मुलांना "बाई कशा आहेत?" असं विचारतच नाही. विचारलं की "प्रेमळ, शिस्तप्रिय" येतं, आणि नाव बदलून ते कुठल्याही बाईंना लावता येतं. मी विचारते, "बाई सारखं काय म्हणतात? त्यांच्या हातात काय असतं?" गणिताच्या बाईंच्या वेळी त्यातून हे निघालं:

पहिली मुलगी: "बाई, गणित चुकलं की तुम्ही ते खोडायचा नाहीत. म्हणायचात, 'इथवर कशी आलीस ते सांग.'"
दुसरी: "मग सांगता सांगता चूक आमची आम्हालाच सापडायची."
तिसरा: "खडू संपत आला की उरलेला तुकडा आमच्या हातावर ठेवायचात. 'आता तू फळ्यावर ये.'"
सगळे मिळून: "बाई, आम्ही इथवर कसे आलो असं कुणी विचारलं, तर तुमचं नाव सांगू."

पन्नासच्या आत शब्द. मुलं सावकाश बोलली की सेकंदाला जेमतेम दीड-दोन शब्द होतात, आणि खडू हातावर ठेवल्यावर क्षणभर सगळ्यांनी गप्प राहावं लागतं. म्हणून एवढेच. या स्क्रिप्टबद्दल माझं मन आजही स्वच्छ आहे.

पुढे जे झालं त्याबद्दल नाही.

दुसरं वाक्य ज्या मुलीचं, ती बोलताना अडखळते. "सांगता सांगता" हे शब्द तिनेच दिले होते. रेकॉर्डिंगच्या वेळी ती "सां"वर थांबली, डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली आणि वाक्य पूर्ण केलं. पाच सेकंद धरलेल्या वाक्याला चौदा लागले. सगळं जोडून ६७ सेकंद झाले. मग मी तेच वाक्य दुसऱ्या मुलाकडून म्हणवून घेतलं. पाच सेकंदांत, स्वच्छ. व्हिडिओ ५८ वर आला आणि मला हायसं वाटलं.

समारंभात तो संपल्यावर बाईंनी डोळे पुसले, मुलांकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "ते वाक्य तिचं ना? मग ती का नव्हती?" मी म्हटलं, "वेळेत बसलं नाही, बाई." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. ती मुलगी तिसऱ्या रांगेत होती, मांडीवर हात घट्ट धरून.

बाईंनी वर्षभर तिचं वाक्य संपेपर्यंत वाट पाहिली होती. पूर्ण स्क्रिप्ट त्याच सवयीबद्दल होती, आणि नेमकी तीच वाट मी पाहिली नाही.

त्या वेळी मी स्वतःला समजावलं की पडद्यावर सगळ्यांसमोर अडखळताना दिसणं तिला नको असेल. पण मी तिला विचारलं कुठे होतं? आणि वेळेचंही खरं नव्हतं. सुरुवातीला बाईंच्या नावाची पाटी सहा सेकंद होती, आणि बाई तर स्वतः समोर बसल्या होत्या. शेवटी फोटो पंधरा सेकंद. पाटी काढली असती, फोटो दहावर आणले असते, तर तिच्या चौदा सेकंदांसकट ५६ सेकंदांत झालं असतं. मी फोटो वाचवले आणि मुलगी कापली.

तरी मिनिटाची मर्यादा मी सोडलेली नाही. ती सोडली की पुन्हा चाळीस वेळा "आठवण येईल". फक्त आता कापण्याचा क्रम बदललाय: आधी पाटी, मग फोटो, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं वाक्य, आणि मुलाचं बोलणं सगळ्यात शेवटी. ज्याचा शब्द त्याच्याच तोंडी, त्याची तयारी असेल तर. तयारी नसेल तर त्याचा आवाज तरी, वर चित्र खडूचं.

या वेळच्या व्हिडिओत पाटी नाही, फोटो आठच सेकंद आहेत. तरीही तुमच्या मुलाचं वाक्य त्यात आलं नाही. ते चांगलं होतं, आणि माझ्या वहीत लिहिलेलं आहे.