एकेचाळीस मीटरवरचा ओला डाग

"साहेब, चिमणीला तडे दिसताहेत. हंगाम संपेपर्यंत चालवली तर चालेल ना?"

गेली काही वर्षे साखर कारखान्यांच्या मुख्य अभियंत्यांकडून हे वाक्य मी जवळपास दर जानेवारीत ऐकतो, आणि त्या वेळी गाळप ऐन भरात असते. माझे उत्तर तड्यांच्या संख्येवर किंवा लांबीवर ठरत नाही. तडा कोणत्या दिशेने गेला आहे, तो केव्हा पडला आणि त्याच्यामागे आतले अस्तर कोणत्या अवस्थेत आहे, या तीन गोष्टी कळल्याखेरीज मी तपासणी टिपणात शेवटचा परिच्छेद लिहीत नाही. एका कारखान्याचे उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे हे कसे ठरते ते ध्यानात येईल.

चिमणी ६० मीटर उंचीची, प्रबलित काँक्रीटची, सुमारे २५ वर्षे जुनी होती. काँक्रीटच्या नळकांड्याच्या आत विटांचे ११५ मिलिमीटर जाडीचे अस्तर होते आणि दोहोंमध्ये हवेची पोकळी सोडलेली होती. हे अस्तर तळापासून टोकापर्यंत एकसंध उभे नसते. साधारण दर १० मीटरांवर काँक्रीटच्या भिंतीतून आतल्या बाजूला एक कंगोरा काढलेला असतो, त्याला कॉर्बेल म्हणतात, आणि अस्तराचा प्रत्येक टप्पा आपापल्या कॉर्बेलवर बसतो. त्यामुळे एका टप्प्याच्या विटा ढासळल्या तरी वरचा टप्पा जागेवर राहू शकतो. हंगाम संपायला अजून तीन महिने होते.

जमिनीवरून पाहणाऱ्याला भीती वाटत होती ती वरच्या वीस मीटरांतल्या उभ्या तड्यांची. असे सात तडे होते, त्यांतला सर्वांत लांब सहा मीटरांचा होता आणि त्याची रुंदी ०.६ मिलिमीटर भरली. असे उभे तडे बहुधा तापमानातील फरकाने पडतात. आतून काँक्रीट तापते, बाहेरून थंडीच्या रात्री गार राहते, आतला भाग प्रसरण पावू पाहतो आणि बाहेरचा थर ताणला जातो. हिशेब सोपा आहे. आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांत ४० अंशांचा फरक धरला, काँक्रीटचा प्रसरण गुणांक अंशाला एक लाखांश आणि त्याचे स्थितिस्थापकत्व २५,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरले, तर बाहेरच्या पृष्ठभागावर सुमारे ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण येतो. एम-२५ काँक्रीट साधारण ३.५ न्यूटनच्या आसपास तडकते. म्हणजे तडा पडणारच होता, आणि पडला की तो ताण मोकळाही होतो. वाऱ्याचा जोर पेलण्याचे काम उभ्या सळया करतात, आणि उभा तडा त्यांना छेदत नाही. तो आडव्या कड्यांना छेदतो, म्हणून त्यातून पाणी जाऊन कडी गंजू नयेत याची काळजी घ्यावी लागते, पण त्यासाठी बॉयलर त्याच दिवशी बंद करण्याची गरज नसते.

हे तडे जुने होते हे ओळखण्याचा पुरावा रंगाने दिला. विमानांसाठी चिमणीच्या वरच्या भागावर लाल-पांढरे पट्टे काढलेले असतात आणि ते सहा वर्षांपूर्वी पुन्हा रंगवल्याची नोंद कारखान्याकडे होती. भिंगातून पाहिले तेव्हा तड्याच्या आत रंग उतरलेला होता आणि कडा बोथट होत्या. तडा रंगानंतर पडला असता, तर रंगाची साल स्वच्छ फाटलेली दिसली असती. तरीही प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना तारीख घालून खुणा केल्या आणि तीन तड्यांवर मोजपट्ट्या चिकटवल्या. पंधरा दिवसांत त्यांपैकी एकही हलली नाही.

मला थांबवले ते दुसऱ्याच एका खुणेने. ४१ मीटरवर, ईशान्येच्या अंगाला, दीड मीटर लांबीची एक आडवी रेघ होती, केसाएवढी बारीक, आणि तिच्याखाली तपकिरी ओघळ आले होते. खालून ती दुर्बिणीतूनही जेमतेम दिसत होती. आडवी रेघ दिसली की प्रथम ती काँक्रीट ओतण्याचा सांधा आहे का ते पाहावे, कारण चिमणी टप्प्याटप्प्याने ओतली जाते आणि प्रत्येक टप्प्यावर असा सांधा राहतोच. ही रेघ सांध्यावरच होती. पण आसपासच्या दुसऱ्या कोणत्याही सांध्यावर ओल नव्हती. हातोडीने ठोकल्यावर इतरत्र खणखणीत आवाज येत होता आणि इथे बद्द. त्या जागी सळयांवरचे काँक्रीट फोडून पाहिले, तर १६ मिलिमीटरची सळई सर्वांत खराब जागी १३ मिलिमीटर उरली होती. व्यासात तीन मिलिमीटर म्हणजे फार नाही असे वाटते, पण क्षेत्रफळात ती एकतृतीयांश घट आहे. रेघेच्या लांबीत अशा दहा सळया येत होत्या, आणि त्या उंचीवर पूर्ण घेरात साठच्या आसपास सळया होत्या.

आराखड्यात पाहिले, तर कॉर्बेल नेमका त्याच उंचीवर होता. चार वर्षांपूर्वी कारखान्याने धुरातील राख धरण्यासाठी ओला स्क्रबर बसवला होता. त्याआधी चिमणीत शिरणारा धूर दीडशे अंशांच्या वर असे. स्क्रबरनंतर तो सत्तरच्या खाली आला, आणि वर बाष्पाने भरलेला झाला, कारण जळणाच्या बगॅसमध्ये, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यात, निम्मे तर पाणीच असते. असा धूर थंड विटेला लागला की विटेवर पाणी धरते. बगॅसमध्ये गंधक फार थोडे असते, पण बगॅस कमी पडेल तेव्हा या बॉयलरमध्ये कोळसा मिसळत असत, आणि मग ते पाणी आम्लयुक्त होते. तळाच्या निचऱ्याच्या नळीतून घेतलेल्या पाण्याचा पीएच ३ च्या आसपास आला. असे पाणी विटेपेक्षा विटांमधल्या सिमेंटच्या मसाल्याला आधी खाते. सांधे मोकळे झाले की पाणी पोकळीत उतरते, खालच्या कॉर्बेलच्या कंगोऱ्यावर साचते आणि तिथून काँक्रीटच्या सांध्यातून बाहेर पाझरते. म्हणजे मोठे उभे तडे चिमणीच्या कोरड्या, तापलेल्या काळातले होते आणि बारीक आडवी रेघ नव्या, ओल्या काळातली होती. स्क्रबर बसवताना प्रदूषणाचा हिशेब झाला होता. अस्तराला हा धूर मानवेल का, हे कोणी विचारले नव्हते, आणि याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण तेव्हा आम्लरोधक मसाल्याचा खर्च आजच्या दुरुस्तीच्या मानाने किरकोळ होता.

बॉयलर चालू असताना चिमणीचे अस्तर पाहता येत नाही. बाष्पीभवन संचाच्या सफाईसाठी कारखाना काही तास थांबतो, ती संधी आम्ही घेतली. आतला वायू तपासून तळाच्या दारातून शिरलो, तेव्हा राखेत ३४ विटा आणि विटांचे तुकडे मिळाले. त्यांना चिकटलेला मसाला नखाने खरवडता येत होता. वरून दोरीने कॅमेरा सोडला, पण बाष्पामुळे चित्र धूसर होते. ४१ मीटरच्या कॉर्बेलवर मोठा काळा खड्डा आहे, एवढेच खात्रीने म्हणता आले. त्याचा आकार सांगता येत नाही असे मी टिपणात स्पष्ट लिहिले. चिमणीचा कल मात्र पहाटे, सूर्योदयापूर्वी मोजला, कारण ऊन एका अंगाला लागले की ते अंग लांबते आणि चिमणी दुसरीकडे झुकलेली दिसते. कल मूळ नोंदीइतकाच होता, म्हणजे पाया खचलेला नव्हता.

आता निर्णय. ४१ मीटरच्या वर १९ मीटर चिमणी उरते. तिथे तिचे स्वतःचे वजन पुष्कळसा ताण दाबून टाकते, आणि तिथल्या सळया वाऱ्याच्या गरजेपेक्षा किमान प्रमाणाच्या नियमाने अधिक घातलेल्या असतात. दहा सळयांतला लोखंडाचा तिसरा हिस्सा पूर्णपणे गमावला असे धरूनही, त्या भागासाठी धरलेल्या ३९ मीटर प्रति सेकंद मूळ वेगाच्या वादळात छेद तगत होता, पण राखीव ताकद फार थोडी उरत होती, आणि गंज जिथे फोडून पाहिला तिथलाच मला माहीत होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे निम्म्या वेगाला एकचतुर्थांशच भार येतो. जानेवारी ते मार्च या काळात तिकडे तसे वादळ सहसा होत नाही. ते येते वळवाबरोबर, एप्रिल-मे महिन्यांत.

म्हणून मी "चिमणी सुरक्षित आहे" असे वाक्य लिहिले नाही. लिहिले ते असे: चिमणी ३१ मार्चपर्यंत चालवता येईल, त्यानंतर दुरुस्तीशिवाय पेटवू नये. कोळसा मिसळू नये. स्क्रबरला वळसा घालून गरम धूर सोडू नये, कारण ओल्या अस्तरावर काही मिनिटांत ऐंशी अंशांची वाढ झाली की सैल विटा सुटतात. चिमणीभोवती १५ मीटरांत कोणी थांबू नये. (उसाचे ट्रॅक्टर त्या सावलीत उभे राहत आणि चालक तिथेच झोपत. ती रांग त्याच संध्याकाळी हलवून घेतली.) रेघेची लांबी दर आठवड्याला मोजावी. ती दोन्ही टोकांना मिळून ३०० मिलिमीटरने वाढली, काँक्रीटचा पापुद्रा पडला किंवा एका सफाईत राखेत दहाहून अधिक नव्या विटा सापडल्या, तर माझी वाट न पाहता बॉयलर विझवावा. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम पाळीवरच्या अभियंत्याच्या नावे लिहायला लावले. रात्री दोन वाजता वरिष्ठांना उठवण्याचा संकोच वाटू नये, यासाठी हा अधिकार आधीच कागदावर असावा लागतो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. ऊस शिल्लक होता आणि २० एप्रिलपर्यंत मुदत वाढवून हवी होती. रेघ तोवर ६० मिलिमीटरने वाढली होती, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या पुष्कळ आत. शेतात उभा असलेला ऊस म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, त्यामुळे नकार देणे सोपे नव्हते. पण मुदत रेघेवर बांधलेली नव्हती, वळवावर बांधलेली होती, आणि वळव पुढे ढकलता येत नाही. उरलेला ऊस शेजारच्या कारखान्याला वळवला गेला.

एप्रिलमध्ये आत पाळणा सोडून पाहिले, तेव्हा कॉर्बेलच्या वर अडीच मीटर उंच आणि सुमारे दोन मीटर रुंद एवढे अस्तर नाहीसे झाले होते. कंगोऱ्यावर ओल्या मसाल्याचा आणि विटांचा ढीग साचून राहिला होता. गंजलेल्या सळया दहा नव्हे, चौदा निघाल्या. मूळ टिपणाच्या प्रतीवर मी तो आकडा दुरुस्त करून सही केली आणि ती प्रत कारखान्याच्या नोंदवहीत लावायला दिली.