आमची वाटचाल : खिडकीतल्या डब्यापासून छतातल्या चौकोनापर्यंत

डोंबिवलीत आम्ही एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा बहुतेक काम विंडो एसीचं होतं. गिऱ्हाइकाचा फोन यायचा, ‘एसी थंड करत नाही’, आणि पत्ता लिहून घेतला की माणसं निघायची. दीड टनाचा विंडो एसी पन्नास किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे उतरवायला दोघं लागतातच. पान्यांची पिशवी, टेस्टर, एखादा कपॅसिटर, एवढ्यावर भागायचं. जागेवर नाही जमलं तर डबा रिक्षात घालून दुकानात.

स्प्लिट घरोघर आले आणि हे गणित बिघडलं. स्प्लिटच्या सर्व्हिसला जेट पंप लागतो आणि भिंत भिजू नये म्हणून इनडोअरखाली बांधायची प्लास्टिकची पिशवी. आउटडोअर छज्ज्याबाहेर टांगलेलं असेल तर सेफ्टी बेल्ट. पुढे दवाखाने, क्लासेस, शोरूम यांची कामं मिळायला लागली, तिथे छतातला कॅसेट. त्याला घोडा शिडी आणि एक हाताखालचा माणूस. कुठला एसी हे आधी कळलं नाही तर फेरी फुकट जाते आणि गिऱ्हाईकही चिडतं. ‘कुठला एसी आहे?’ असं विचारलं की उत्तरात कंपनीचं नाव येतं. ‘भिंतीवरचा’ म्हणणाऱ्यांकडे भिंतीला भोक पाडून बसवलेला विंडो एसी निघतो.

व्हॉट्सअॅप आल्यावर आम्ही फोटो मागायला लागलो, आणि इथे खरं श्रेय माझ्या बायकोचं. दुकानातला फोन ती घेते. तिने कधी पाना हातात धरलेला नाही, पण फोटो बघून ती मेकॅनिकपेक्षा लवकर सांगते. कंपनी, आकार, रंग याकडे ती बघतच नाही. हवा आत कुठून ओढली जाते आणि थंड हवा बाहेर कुठून येते, एवढंच शोधते. आमची नवीन मुलं आता याच पद्धतीने शिकतात.

विंडो एसीत ही दोन्ही कामं एकाच तोंडावर होतात. समोरच्या भागाचा मोठा हिस्सा म्हणजे हवा ओढणारी ग्रिल, तिच्यामागे जाळी, म्हणजे फिल्टर. त्याच तोंडाच्या वरच्या किंवा एका बाजूच्या पट्ट्यांतून थंड हवा येते. बटणं किंवा डिस्प्लेही तिथेच. दीड टनाचा डबा साधारण २६ इंच रुंद आणि १७ इंच उंच असतो, म्हणजे समोरून जवळपास टीव्हीसारखा, आणि त्याला पाइप जोडलेले दिसत नाहीत. बाहेरून काढलेला फोटो आला तर आणखी सोपं. विंडो एसीच्या पाठीला कंडेन्सर कॉइलचे बारीक पत्रे दिसतात, पंखा दिसत नाही. पंखा आत असतो; तो डब्याच्या बाजूच्या फटींतून हवा घेतो आणि कॉइलमधून पाठीमागे फेकतो. म्हणून त्या फटी भिंतीत गाडल्या असतील तर एसी तापतो आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो. बाहेरच्या फोटोत डबा भिंतीच्या किती आत गेलाय ते दिसतं, आणि काही वेळा दुखणं तिथेच सापडतं.

स्प्लिटचा इनडोअर भिंतीवर छताजवळ आडवा असतो, दीड टनाला साधारण ९० सेंटिमीटर ते एक मीटर लांब. हल्लीच्या स्प्लिटमध्ये हवा वरून आत जाते आणि खालून बाहेर येते. म्हणूनच तो छताला अगदी चिकटवून बसवला की थंड कमी करतो. समोरचं गुळगुळीत झाकण म्हणजे फ्रंट पॅनल. ते वर उचललं की जाळ्या दिसतात, आणि जाळ्या काढल्या की कूलिंग कॉइलचे ॲल्युमिनियमचे पत्रे. गिऱ्हाईक या दोघांना बऱ्याचदा एकच समजतं आणि ‘जाळी धुतली, तरी घाण आहे’ म्हणतं. फोटोत पत्रे दिसले की ही ‘जाळी’ कॉइल आहे हे कळतं. खाली हलणारी आडवी पट्टी म्हणजे फ्लॅप, तिच्यामागे डावी-उजवीकडे वळणाऱ्या उभ्या पट्ट्या, आणि त्यांच्याही मागे लांबट गोल ब्लोअर. फ्लॅप उघडा ठेवून खालून फ्लॅश मारून काढलेला फोटो आमच्या फार कामाचा असतो. ब्लोअरच्या पात्यांवर काळा थर दिसला तर नुसत्या जाळ्या धुऊन वास जाणार नाही हे आम्ही फोनवरच सांगतो.

आउटडोअर ओळखायला समोरची गोल पंख्याची जाळी पुरे. त्याची कॉइल पाठीमागे आणि एका बाजूला असते; हवा तिकडून येते आणि पंखा ती पुढे फेकतो, विंडोच्या बरोबर उलट. पंख्याकडे तोंड करून उभं राहिलं तर बहुधा उजव्या बाजूला झाकणाखाली दोन पितळी व्हॉल्व्ह असतात, एक बारीक पाइपचा, एक जाड पाइपचा. एसी चालू असताना काढलेल्या फोटोत बारीक पाइपाच्या जोडावर बर्फ दिसला तर गॅस कमी आहे किंवा कुठे अडथळा आहे असा संशय घेतो. जाड पाइपही पांढरा झाला असेल तर आधी जाळ्या आणि ब्लोअर बघायला सांगतो. नटाभोवती तेलकट काळे डाग असतील तर गळती तिथे असण्याची शक्यता जास्त. पण हे सगळे संशय. गेज लावल्याशिवाय गॅसबद्दल आम्ही ठाम बोलत नाही.

‘पाइप गळतोय’ हीसुद्धा फोटोनेच सुटणारी तक्रार. इनडोअरमधून निघणाऱ्या गुंडाळीत तांब्याचे दोन पाइप, वायर आणि पाण्याचा प्लास्टिकचा ड्रेन पाइप एकत्र बांधलेले असतात. ड्रेन पाइप मध्येच वर चढलेला दिसला की पाणी घरात का पडतंय ते विचारायची गरज उरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ छतातल्या एसीत होतो, आणि त्याचं चांगलं उदाहरण एका दाताच्या दवाखान्याचं. रिसेप्शनवरच्या मुलीचा मेसेज आला : ‘कॅसेट एसी आहे, पाणी गळतंय, अर्जंट.’ सोबत छताचा फोटो. फॉल्स सीलिंगमध्ये पांढरा चौकोन, त्यात एकात एक बसवल्यासारखे लहान-लहान चौकोन. बायकोने फोटो बघितला आणि म्हणाली, ‘याला मध्ये ग्रिल कुठंय?’

तिचा प्रश्न अगदी नेमका होता. कॅसेटच्या पॅनलमध्ये मधोमध चौकोनी ग्रिल असते, तिथून खोलीतली हवा वर ओढली जाते. तिच्या चारही बाजूंना एकेक लांब फट आणि त्या फटीत मोटरवर हलणारा फ्लॅप. थंड हवा तिथून चारही दिशांना जाते. कडेला कुठेतरी रिमोटचा सिग्नल घेणारी छोटी काळी खिडकी आणि दिवे. मोठ्या कॅसेटचं पॅनल साधारण ९५ सेंटिमीटरचं, लहानाचं दोन बाय दोन फुटांच्या सीलिंग टाइलच्या जागेत बसणारं. दवाखान्याच्या फोटोत मध्ये ग्रिल नाही, फ्लॅप नाहीत, दिवे नाहीत. सगळ्या फटी हवा सोडणाऱ्याच. मग हवा आत जाते कुठून?

तिने मुलीला लिहिलं, ‘ताई, पॅसेजच्या आणि टॉयलेटच्या बाजूच्या छताचेही फोटो पाठवा. झूम करू नका, लांब उभं राहून काढा.’ दुसऱ्या फोटोत प्रवेशाजवळच्या छतात लांबट आयताकृती ग्रिल होती, तिच्या पट्ट्यांवर धुळीची झालर. हवा आत ओढली जाते तिथे धूळ साचते, बाहेर फेकली जाते तिथे इतकी साचत नाही. म्हणजे मशीन त्या ग्रिलच्या वर, छताच्या आत लपलेलं, आणि तिथून पत्र्याच्या डक्टमधून हवा त्या चौकोनापर्यंत आणलेली. हा डक्टेबल एसी. खोलीत दिसणारा चौकोन नुसता डिफ्यूजर.

फरक का पडतो ते सांगतो. कॅसेटच्या आत ड्रेन पंप असतो, कारण पाणी वर उचलून पाइपात सोडावं लागतं. कॅसेट गळतो म्हटलं की आमचा पहिला संशय पंप, मग पाण्याची पातळी ओळखणारा त्याचा फ्लोट. माणूस निघतो तो पंप बरोबर घेऊन. डक्टेबलमध्ये पाणी सहसा उताराने जातं. तिथे ट्रे आणि ड्रेन पाइप बघायचा, आणि त्यासाठी सीलिंगमधली ट्रॅप डोअर उघडायची.

पहिल्या फोटोकडे पुन्हा बघितलं. डिफ्यूजरच्या कडेने सगळीकडे सारखे थेंब असते तर दमट हवा गार पत्र्यावर जमतेय असं समजलो असतो; पावसाळ्यात दार सतत उघडं राहणाऱ्या जागी हे होतं. इथे थेंब एकाच कोपऱ्यात होते आणि दुसऱ्या फोटोत लांबट ग्रिलजवळच्या टाइलवर पिवळट-तपकिरी डाग पसरला होता. पाणी मशीनच्या ट्रेमधून उतरून टाइलच्या पाठीमागून वाहत डिफ्यूजरच्या कोपऱ्यात टपकत होतं. मेकॅनिक ड्रेन साफ करायचा पंप आणि शिडी घेऊन गेला. ड्रेन पाइपाच्या तोंडाशी शेवाळासारखा चिकट गोळा निघाला. दवाखाना दुपारी बंद असतो त्याच वेळात काम आटोपलं.

तेव्हापासून आम्ही ठरावीक फोटो मागतो. एक लांबून, ज्यात भिंत आणि छत दोन्ही येतील, म्हणजे यंत्र कुठे बसलंय ते कळतं. एक सरळ समोरून. आउटडोअर हाताला येण्यासारखं असेल तर त्याचा. खिडकीतून वाकून कोणी काढू नये, असं आम्ही बजावून सांगतो. आणि नेमप्लेटचा, जी स्प्लिटच्या इनडोअरवर बहुधा बाजूला किंवा खाली असते. टन कधीही आकारावरून सांगत नाही. एकाच कंपनीचा एक टन आणि दीड टन फोटोत सारखेच दिसू शकतात. नेमप्लेटवर क्षमता वॅटमध्ये असते, ३५०० च्या आसपास म्हणजे एक टन, ५२०० च्या आसपास दीड. गॅस आर-२२ आहे की आर-३२ तेही तिथेच लिहिलेलं असतं आणि त्यावर कोणता सिलिंडर न्यायचा ते ठरतं.

नुसत्या आउटडोअरचा फोटो आला तर आम्ही आत काय आहे याचा अंदाज करत नाही. तोच डबा भिंतीवरच्या स्प्लिटलाही असतो आणि छतातल्या कॅसेटलाही. जुन्या इमारतींमधल्या उभ्या मोकळ्या पोकळीत चार-पाच आउटडोअर एकावर एक टांगलेले असतात आणि आपला कुठला हे घरमालकालाही ठाऊक नसतं. अशा वेळी बायको त्यांना सांगते : एसी चालू करून ठेवा, कोणता पंखा फिरायला लागतो त्याचा व्हिडिओ पाठवा. फिरलाच नाही तर तेही कळवा, मग मेकॅनिक कपॅसिटर आणि फॅन मोटर घेऊन निघेल.