वेरूळचा फोटो आणि फोनमधला इरेझर

आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून त्यांचा वेरूळचा फोटो मोठा करून फ्रेम करायचं ठरलं. कैलास लेण्याच्या अंगणात दोघं उभे आहेत आणि मागे जोत्यावर कोरलेली हत्तींची रांग आहे. दादाने फोटो सुरेख काढला होता, पण सुटीची गर्दी असल्यामुळे त्यात आणखी तीन माणसं आली होती. डावीकडे लांब निळ्या शर्टातला एक माणूस, मधे हत्तींसमोरून चाललेली लाल ओढणीवाली बाई आणि उजवीकडे अगदी आईच्या खांद्याला लागून एक मुलगा. तिघांनाही फोनच्या इरेझरने काढायला मी बसले. साधन एकच, फोटोही एकच, पण तिघांचे निकाल तीन तऱ्हेचे आले.

निळ्या शर्टवाल्याभोवती बोट फिरवलं आणि तो गेला. त्याच्या मागे नुसता मोकळा कातळ होता. इरेझर इथे दोन कामं करतो. आधी आपण काढलेल्या ओबडधोबड वर्तुळातून वस्तूची नेमकी कड शोधतो आणि तेवढा भाग फोटोतून कापून टाकतो. मग उरलेलं भोक भरतो. भरायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत म्हणजे त्याच फोटोतले जुळणारे छोटे तुकडे शोधून तिथे बसवायचे. फोटोशॉपमध्ये 2010 साली आलेली ‘कंटेंट-अवेअर फिल’ याच जातीची. नवी रीत म्हणजे लाखो फोटोंवर शिकवलेलं मॉडेल आजूबाजूचं बघून तिथे काय असावं याचा अंदाज रंगवतं. फोनमध्ये ही सोय 2021 पासून रुळली. गूगलच्या पिक्सेल 6 या फोनसोबत ‘मॅजिक इरेझर’ आला तो त्याच वर्षी. रीत कुठलीही असो, माणसाच्या मागे खरोखर काय होतं ते फोटोत नोंदलेलंच नसतं. कातळ, वाळू, आकाश, गवत अशा ठिकाणी अंदाज चुकला तरी कळत नाही, कारण कातळाचा कुठलाही तुकडा कातळासारखाच दिसतो.

तरी तिथेही एक गोष्ट राहिली होती. माणूस गेला, पण त्याची लांब सावली जमिनीवर तशीच होती. काही नवी साधनं सावलीही ओळखून निवडतात, माझ्या फोनमधलं निवडत नव्हतं. सावली वेगळी पुसावी लागली. पायाच्या जागी निळसर किनारही उरली होती. ब्रश वस्तूच्या कडेला अगदी चिकटवून फिरवला की कडेचे मिश्र रंगाचे पिक्सेल मागे राहतात आणि भरताना तोच रंग आत ओढला जातो. पूर्ववत करून ब्रश जरा बाहेरून फिरवला तेव्हा किनार गेली.

लाल ओढणीवालीच्या जागी मात्र खरी कसोटी होती. तीही एका फटक्यात गेली आणि फोनच्या पडद्यावर सगळं छान दिसलं. दादा म्हणाला, “झालं की! आता छापायला दे.” पण फ्रेम सोळा इंची होती. फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा, म्हणजे छापताना एका इंचात 250 पिक्सेल येणार आणि भिंतीवर जवळून बघणाऱ्याला बारीकसारीक सगळं दिसणार. म्हणून मी तो संगणकावर पूर्ण आकारात उघडला. बाई होती तिथे आता एक हत्ती होता, पण त्याचे पुढचे दोन पाय एकमेकांत विरघळलेले होते. सोंड कुठे संपते ते सांगता येत नव्हतं. जोत्याची आडवी रेघ एका बाजूने येऊन मधेच जराशी खाली घसरून पुढे गेली होती. दगडाचा पोतही बदलला होता. आजूबाजूला छिन्नीच्या खुणा आणि कॅमेऱ्याचा बारीक रवा दिसत होता, तिथे मात्र गिलावा केल्यासारखी गुळगुळीत जागा.

हे का होतं ते समजलं की पुढचं सोपं जातं. कोरीव कामात प्रत्येक इंच वेगळा असतो, तो शेजारून उचलता येत नाही. मॉडेलला ‘हत्तीसारखं काहीतरी’ माहीत असतं, पण हा हत्ती माहीत नसतो. शिवाय बरीच साधनं तो भाग लहान आकारात रंगवतात आणि मग ताणून मूळ फोटोत बसवतात, म्हणून भोक जेवढं मोठं तेवढी जागा मऊ दिसते. जाळी, कुंपण, फरशीच्या रेघा, पाण्यातलं प्रतिबिंब, साडीचे काठ या सगळ्यांची अडचण हीच.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकली. हे लेणं आठव्या शतकातलं आहे. तिथले हत्ती कुठे अखंड, कुठे झिजलेले, कुणाची सोंड तुटलेली. आई-बाबांच्या मागे यंत्राने बनवलेला, वेरूळला नसलेला हत्ती भिंतीवर लावायचा नव्हता.

उपाय दादाच्या फोनमध्येच होता. त्याने एकापाठोपाठ बरेच फोटो काढले होते आणि बाई चालत होती. एका फोटोत ती पुढे सरकली होती आणि तिच्या जागचा हत्ती पूर्ण उघडा होता. त्या फोटोत बाबांचे डोळे मिटलेले होते, म्हणून तो आम्ही बाजूला टाकला होता. संगणकावर गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फोटो एकावर एक थर म्हणून ठेवले, मिटलेल्या डोळ्यांचा वर. हात हलल्यामुळे ते तंतोतंत जुळत नव्हते. वरचा थर अर्धपारदर्शक केला आणि हत्तींचे डोळे एकमेकांवर येईपर्यंत सरकवला, किंचित फिरवलाही. मग वरच्या थराला काळा मास्क, म्हणजे तो थर झाकणारा पडदा, दिला आणि फक्त बाईच्या जागी मऊ पांढऱ्या ब्रशने मास्क उघडला. तिथे वरच्या फोटोतला खरा दगड, खऱ्या खुणांसकट, दिसू लागला. हत्तींची रांग जवळपास एकाच पातळीत आहे म्हणून हे जुळलं. पुढे-मागे खूप अंतरावरच्या गोष्टी असत्या तर एक जुळवताना दुसरी सरकली असती.

राहिला मुलगा. त्याला इरेझरने काढलं तर आईचा खांदा आणि पदराचा काठही थोडा खाल्ला जात होता. जिथे दोन माणसं एकमेकांना टेकतात तिथे कड कुणाची हे साधनाला नीट ठरवता येत नाही. झूम करून, लहान ब्रशने, आईपासून बारीकशी फट सोडत पुसत गेले तेव्हा खांदा वाचला, पण काठाची नक्षी जिथे मुलाच्या हाताआड होती तिथे भलतीच नक्षी आली. दुसऱ्या कुठल्याच फोटोत तेवढा काठ उघडा नव्हता. म्हणून मुलाचा चेहरा आणि धड कापलं जाईल इतकी उजवी बाजू कमी केली आणि त्याच्या कोपराचा छोटा तुकडा तसाच राहू दिला. आईला तो दिसलाही नाही.

छापायला देण्याआधी पूर्ण फोटो आडवा उलटा करून पाहिला. उलट्या चित्रात सवयीची नजर मोडते आणि तुटलेली रेघ किंवा दोनदा आलेला एकच तुकडा पटकन सापडतो. निळ्या शर्टवाल्याच्या जागी कातळावरचा एकच डाग शेजारीशेजारी दोनदा आलेला असा दिसला; त्यातल्या एकावर इरेझर पुन्हा फिरवला.

आता दादा गर्दीच्या ठिकाणी हात स्थिर ठेवून पाच-सहा फोटो काढतो, मधे लोकांना दोन पावलं पुढे जाऊ देतो, आणि घरी येईपर्यंत त्यातला एकही पुसत नाही.