ब्रेकआउटचा टॅग भारी दिसत होता, कारण त्याचे लॉस फेकआउटच्या खात्यात जमा होत होते

मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या थाटात लिहिलं होतं ना, की माझ्या ट्रेडिंग जर्नलमधून टॅगवार हिशोब निघायला लागलाय आणि इथून पुढे रेंज ब्रेकआउटवरच, म्हणजे भाव रेंज फोडून बाहेर पडतो त्या ट्रेडवरच, जोर देणार, तर तो बेत सध्या गुंडाळून ठेवलाय. आकडेमोड चुकली नव्हती. बेरीज बरोबर, फॉर्म्युला बरोबर, तरी जर्नल गंडवत होतं, आणि ते कुठून गंडवतंय हे सापडेपर्यंत डोक्याचा पार भुगा झाला.

आधी चित्र सांगते. ब्रेकआउट टॅगखाली ४० ट्रेड. त्यातले २२ जिंकलेले, सरासरी १.६ आर, आणि १८ हरलेले, सरासरी ०.९ आर. (आर नेहमीचाच, एंट्री ते पहिला स्टॉप एवढं अंतर, नंतर स्टॉप सरकवला तरी आर तोच राहतो.) म्हणजे ३५.२ मधून १६.२ गेले, उरले १९ आर, दर ट्रेडमागे जवळजवळ अर्धा आर. एवढी एक्स्पेक्टन्सी कुठल्याही सेटअपची असेल तर बाकी सगळं सोडून तोच धरून बसावा. पण मग अकाउंट जागच्या जागी का? कमिशन धरलं, स्लिपेज धरलं, तरी मेळ लागेना.

शेवटी सगळे टॅग विन रेटने सॉर्ट केले आणि तळाला फेकआउट दिसला. १६ ट्रेड, एकही जिंकलेला नाही, सगळे सरळ उणे १ आर. आता विचार करा, शंभर टक्के हरणारा सेटअप खरंच सापडला तर उलट्या बाजूने ट्रेड मारून माणूस निवांत बसेल की! असा सेटअप नसतो. फेकआउट म्हणून एंट्री कोणी घेत नाही, एंट्री ब्रेकआउट म्हणूनच घेतलेली असते, स्टॉप उडाल्यावर संध्याकाळी जर्नल भरताना त्याचं नाव फेकआउट होतं. म्हणजे ब्रेकआउटच्या घरातली नापास पोरं शेजारच्या घरात नेऊन ठेवली आणि मग निकाल छान लागला म्हणून पेढे वाटायचे, असा प्रकार.

दोन्ही एकत्र केले की ५६ ट्रेड, १९ वजा १६, उरले ३ आर. दर ट्रेडमागे ०.०५ आर, तेवढे तर खर्चातच जातात. विन रेट ५५ टक्क्यांवरून ३९ वर. खेळ खलास.

एक गोष्ट स्पष्ट करते नाहीतर कोणीतरी म्हणेलच की आम्ही फेकआउटच ट्रेड करतो. भाव रेंजबाहेर जाऊन परत आत आला आणि तिथे तुम्ही उलट्या बाजूची एंट्री घेतली, तर तो वेगळा आणि रीतसर सेटअप आहे, त्याला वेगळं नाव द्या, मी रिव्हर्सल म्हणते. माझी तक्रार निकालावरून ठेवलेल्या नावाबद्दल आहे. कसोटी सोपी आहे, ऑर्डर टाकताना बोट बटणावर असताना तो शब्द म्हणता येतो का? रेंज ब्रेकआउट म्हणता येतो. ट्रेंड डे नाही म्हणता येत, तो दिवस संपल्यावरच कळतो. चॉपी मार्केट अर्धवट, आधीच्या कँडलवरून म्हणत असाल तर ठीक, स्टॉप उडाल्यावर म्हणत असाल तर ती सबब आहे. या चाळणीतून माझे निम्मे टॅग गळाले.

आता दोन कॉलम केलेत. सेटअपचा कॉलम एंट्रीआधी भरायचा आणि नंतर हात लावायचा नाही. निकालाचा कॉलम एक्झिटनंतर, त्यात फेकआउट, टार्गेट, टाइम एक्झिट जे काय असेल ते लिहा. पण एक्स्पेक्टन्सी काढताना गट फक्त पहिल्या कॉलमवरून पाडायचा. यासाठीच तयार जर्नल ॲप सोडून परत साध्या शीटवर आले. ॲप दिसायला झकास होतं, ग्राफ वगैरे छान, पण जुना टॅग कधीही बदलता येतो आणि बदलल्याची कुठेही नोंद राहत नाही, हे मला चालणार नाही. शीटमध्ये निदान व्हर्जन हिस्टरी तरी बघता येते. फॉर्म्युला अगदी बाळबोध आहे, C मध्ये सेटअप, D मध्ये उपप्रकार, H मध्ये आर:

```
=AVERAGEIFS(H:H, C:C, "BO", D:D, "tight")
```

हा D कॉलम नंतर आला, त्याचीच खरी गंमत आहे.

झालं असं की जुने ५६ ट्रेड फेकवत नव्हते. वाटलं की एंट्रीच्या क्षणापर्यंतचाच चार्ट बघून सगळे परत टॅग करावेत, निकाल लपवून. स्क्रीनशॉट होतेच, फाइलची नावं बदलली (नावातच टॅग होता), क्रम विस्कटला, उजवीकडचा भाग कापला आणि बसले. आणि मी भलतीच हुशार निघाले, बघताक्षणी कळत होतं कुठला ब्रेकआउट चालला आणि कुठला नाही! एवढी नजर मला असती तर जर्नल कशाला लागलं असतं. मग दोन चित्रं शेजारी ठेवली तेव्हा कोडं सुटलं. स्क्रीनशॉट एक्झिटनंतर काढलेले होते आणि चार्टची भावाची पट्टी ऑटो स्केलवर होती. भाव पुढे वर गेलेला असेल तर पट्टी त्याला पुरेल इतकी ताणली जाते, त्यामुळे आधीच्या सगळ्या कँडल चित्राच्या तळाशी चेपून बसतात. उजवी बाजू कापली तरी वरती मोकळी जागा राहतेच. वर रिकामं म्हणजे लाँग जिंकला, खाली रिकामं म्हणजे गेला. मी पॅटर्न वाचतच नव्हते, रिकामी जागा वाचत होते.

तेव्हा कापलेले स्क्रीनशॉट बाद. प्रत्येक ट्रेड बार रिप्लेमध्ये उघडून एंट्रीच्या आधीच्या कँडलवर थांबवायचा आणि तिथून नवीन चित्र काढायचं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा रस्ता मला तरी दिसला नाही. यातून एक बारीकसा विजयही मिळाला, फ्लॅग आणि पुलबॅक हे दोन टॅग मी एकत्र केले, कारण तेच चित्र काही दिवसांनी परत समोर आल्यावर एकदा फ्लॅग म्हणायचे आणि एकदा पुलबॅक. जिथे माझंच माझ्याशी जमत नाही तिथे त्या दोघांचे वेगळे आकडे काढून काय उपयोग.

रिप्लेमध्ये बघताना जाणवत राहिलं की काही ब्रेकआउटच्या आधी भाव अगदी आवळून आलेला असतो आणि काहींच्या आधी नुसता धिंगाणा चाललेला असतो. पण आवळलेला हा शब्द नजरेवर सोडला की परत तोच घोळ होणार, म्हणून मोजमाप ठरवलं: ब्रेकआउटच्या आधीच्या ५ कँडलचा सगळ्यात वरचा हाय वजा सगळ्यात खालचा लो, हा फरक १४ कँडलच्या एटीआरच्या, म्हणजे एका कँडलच्या सरासरी हालचालीच्या, दीडपटीपेक्षा कमी असेल तर टाइट, नाहीतर लूज. इथेही एक फट आहे, सांभाळा. ब्रेकआउटची कँडल त्या ५ मध्ये किंवा एटीआरमध्ये धरू नका, ती पूर्ण बंद झाल्यावरचा आकडा एंट्रीच्या वेळी तुमच्याकडे नसतोच. शीटमध्ये एक ओळ वरखाली झाली की हे गुपचूप घडतं आणि कळतही नाही.

तर निकाल. टाइट २४ ट्रेड, १३ जिंकले, निव्वळ अधिक ११.२ आर. लूज ३२ ट्रेड, ९ जिंकले, निव्वळ उणे ८.२ आर. बेरीज करून बघा, तेच ३ आर येतात, म्हणजे यावेळी कोणी कुठे लपलेलं नाही. टाइटमध्ये दर ट्रेडमागे ०.४७ आर. ब्रेकआउटचा जो आकडा मुळात खोटा निघाला होता जवळपास तोच इथे आला हा योगायोग आहे, पण बघून हसू आलं.

हुरळून जायच्या आधी दोन गोष्टी केल्या. सगळ्यात मोठा विनर ५ आरचा होता, तो काढून टाकला. उरले २३ ट्रेडमध्ये ६.२ आर, म्हणजे ०.२७. जीव आहे, पण निम्मा जोर एकाच ट्रेडचा होता. दुसरं, २४ पैकी १३ म्हणजे ५४ टक्के, आणि एवढ्या छोट्या संख्येत स्टँडर्ड एरर साधारण १० टक्के येतो, म्हणजे खरा विन रेट ३४ पासून ७४ पर्यंत कुठेही असू शकतो. ३४ असेल तर यात काहीच नाही. शिवाय टाइटचा नियम मी याच ट्रेडकडे बघून सुचवलाय, तेव्हा याच ट्रेडवर तो छान दिसणारच. २० टॅग घेतले, एकातही दम नाही असं धरलं आणि प्रत्येकाला नशिबाने चमकायची ५ टक्के संधी दिली, तर निदान एक तरी चमकायची शक्यता ६४ टक्के निघते. म्हणून दीडपट हा आकडा आता गोठवलाय, १.४ करून बघू का, १.६ करून बघू का, असलं काहीही करणार नाही. जुने ट्रेड बाजूला, नवीन ट्रेडची मोजणी शून्यापासून.

पुढचा बेत खरं तर लूज बंद करून फक्त टाइट घ्यायचे असा होता. पण हे लिहितानाच डोक्यात आलं की लूज घेणंच थांबवलं तर तुलना कशाशी करणार? ते खरंच वाईट आहेत की त्या काळात सगळेच ब्रेकआउट वाईट होते हे कधीच कळणार नाही. तेव्हा बदल: लूज दिसला तरी नोंद करायची, सेटअप, वेळ, कागदावरची एंट्री आणि स्टॉप सगळं लिहायचं, पैसे लावायचे नाहीत, आणि G कॉलममध्ये "skip". टाइट दिसला आणि मी घाबरून सोडला तर तोही तसाच नोंदवायचा. त्याचीही मला उत्सुकता आहे, कारण मी जे टाइट सोडते तेच धावतात असा माझा बऱ्याच दिवसांचा संशय आहे.

फक्त न घेतलेल्या ट्रेडची एक्झिट कशी ठरवायची इथे अडलेय. घेतलेल्यांमध्ये मी स्टॉप हाताने सरकवते, कागदावरच्यांना ते करता येत नाही, म्हणजे दोघांचे आर एका मापाचे राहणार नाहीत. सध्या दोन्हींसाठी एक जादा कॉलम टाकलाय, ठरलेला स्टॉप आणि २ आरचं ठरलेलं टार्गेट यातलं आधी काय लागलं एवढंच त्यात लिहिते. एकाच कँडलमध्ये दोन्ही लागले तर स्टॉप आधी लागला असं धरते. यापेक्षा बरी पद्धत कोणी वापरत असेल तर सांगा, नवीन नोंदी सुरू व्हायच्या आत बदलून घेईन.