स्क्रीनशॉटमधला अपलोडचा रकाना

आठवडाभर संध्याकाळी ताईशी व्हिडिओ कॉल सारखा अडकत होता आणि घरात सगळे टीव्हीला बोल लावत होते. आज राऊटरच्या ट्रॅफिक मॉनिटरचा 24 तासांचा स्क्रीनशॉट काढला आणि निवांत वाचत बसले.

डाउनलोडमध्ये टीव्हीच पहिला, 14 GB. पण कॉलमध्ये आमचा आवाज तुटत होता, म्हणजे बघायचा तो अपलोडचा रकाना. तिथे टीव्हीचे जेमतेम 200 MB आणि दारावरच्या कॅमेऱ्याचे 21 GB! दिवसभराला 21 GB म्हणजे सतत जवळपास 2 Mbps. आमचं अपलोड आहे फक्त 5. त्यात संध्याकाळी बाबा घरी आले की त्यांच्या फोनचा फोटो बॅकअप सुरू होतो आणि उरलेली जागा तोच घेतो.

कोणत्या प्रोटोकॉलने किती डेटा गेला ते दाखवणाऱ्या चकतीवर HTTPS आणि QUIC या कूटबद्ध प्रोटोकॉलनीच बहुतेक सगळं व्यापलेलं होतं. त्यावरून फार काही कळत नाही; व्हिडिओ, बॅकअप, बँकेचं ॲप, सगळं त्यातूनच जातं. आत काय आहे ते राऊटरला दिसत नाही. म्हणून मी उपकरण, दिशा आणि वेळ यांची सांगड घातली.

कॅमेरा हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग करेल असा लावला, बॅकअप रात्रीवर ढकलला. आज ताईशी 40 मिनिटं बोलले, एकदाही चित्र थांबलं नाही. आईला भाचीचे नवे दात नीट दिसले.