बारीक म्हणजे किती?

परवा दुपारी पुण्याला बाबांकडे पाणी प्यायला फ्रीजपाशी गेले, तर दारावर माझीच चिठ्ठी. सहा महिन्यांपूर्वी, आई गेल्यानंतर सिलिंडर नको म्हणून एकच इंडक्शन शेगडी घेतली, तेव्हा लिहिलेली. खिचडी, पोहे, पिठलं, उपमा, वरणभात. पाच पदार्थ. आणि समासात बाबांच्या लाल पेनाने प्रश्न.

मी लिहिलं होतं, ‘मग गॅस बारीक करा.’ बाजूला लाल अक्षरांत: ‘गॅस नाही. बारीक म्हणजे किती?’

आईचं बारीक डोळ्यांनी दिसायचं. ओट्याशी वाकून ती निळी ज्योत बघायची. मी बाजूला उभी राहून लसूण सोलायचे, म्हणजे मुख्यतः सालं फुंकायचे. इथे ज्योतच नाही, आकडे आहेत. शेवटी फोनवर ठरलं: फोडणीला आठशे वॅट, त्यावर नाही. इंडक्शनवर भांड्याचा तळच तापतो, तेही मधोमध. पातळ कढईत मोहरी बघता बघता काळी पडते. तडतडली की आधी बटण बंद, मग हिंग-हळद. तळाच्या उष्णतेत हळद होते.

खिचडीला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, अडीच वाटी पाणी. पहिल्यांदा बाबांनी दोन हजारावर लावली. शिट्ट्या धडाधड झाल्या आणि डाळ दाताखाली आली. आता हजारावर तीन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही.

पिठल्याचा फोन मात्र रागाचा होता. ‘शेगडी बिघडली. रटरटतं, थांबतं, परत रटरटतं.’ बिघडली नव्हती. आकडा फार खाली नेला की बऱ्याच शेगड्या चालू-बंद होतच आच कमी ठेवतात. अर्ध्या वाटी बेसनाला दीड वाटी गार पाणी, गुठळ्या आधीच मोडलेल्या, मग ते थांबणं चालतं. ढवळत राहायचं, एवढंच.

भांड्यांची परीक्षा बाबांनी फ्रीजवरच्या गणपतीच्या चुंबकाने घेतली. चिकटला ते भांडं पास. आईची अॅल्युमिनियमची कढई नापास झाली. तिचा तळही गोल. ती माळ्यावर टाकली नाही. तिच्यात आता कांदे-बटाटे असतात.

चिठ्ठीच्या तळाशी लाल पेनातच सहावा पदार्थ होता: ‘गुरुवारी वीज गेल्यास: पातळ पोहे, कांदा, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, साखर, वरून कच्चं तेल. दडपून ठेवणे.’

‘हे कुणी शिकवलं?’

‘तुझी आई करायची की. तू शाळेत असायचीस.’

मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी गुरुवार नव्हता, वीजही होती. तरी आम्ही दडपेच खाल्ले. मीठ जरा जास्त झालं होतं.